नवी ओळख आणि पाठपुरावा : जाहिरातीच्या पैशाची वाटणी

कोल्हापुरात राहून आरी वर्क शिकवणारी एक शिक्षिका डोळ्यांपुढे आणा. ब्लाउजवरचं आरी काम शिकवणारा तिचा मराठी ऑनलाइन कोर्स २,५०० रुपयांचा आहे. त्यात रेकॉर्ड केलेले धडे आहेत, आठवड्यातून एकदा शंका विचारायला थेट वर्ग आहे, आणि सुई, धागे, रिंग असं थोडं सामान कुरियरने घरी येतं. पेमेंट गेटवेचं कमिशन, सामान आणि कुरियर वजा केलं की एका प्रवेशामागे तिच्याकडे २,००० रुपये उरतात. यातूनच जाहिरातीचा खर्च निघायचा आणि यातूनच घर चालायचं. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरच्या जाहिरातींसाठी ती महिन्याला ६०,००० रुपये घालते, त्यांवरचा १८ टक्के जीएसटी धरून. जीएसटी मुद्दाम धरायचा, कारण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने तिने नोंदणी केलेली नाही, आणि नोंदणी नसेल तर हा कर परत मिळत नाही. शिक्षिका आणि तिचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. प्रश्न मात्र ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या प्रत्येकाला पडणारा आहे : या साठ हजारांतले किती अनोळखी लोकांपर्यंत पोहोचायला घालायचे आणि किती येऊन गेलेल्यांच्या मागे?

पहिल्या कामाला या धंद्यात प्रॉस्पेक्टिंग म्हणतात. जिने या शिक्षिकेचं नावही ऐकलेलं नाही, तिच्यासमोर रील आणायची आणि तिला कोर्सच्या पानावर यावंसं वाटेल असं काही दाखवायचं. दुसरं काम रिटार्गेटिंगचं. पान उघडून फी बघून गेलेली, डेमो वर्गाला नाव नोंदवून न आलेली, अर्धी रील बघून थांबलेली, अशा बाईला पुन्हा जाहिरात दाखवायची. कोर्सच्या पानावर बसवलेला मेटाचा पिक्सेल, म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा, कोण येऊन गेलं याची नोंद मेटाकडे पाठवतो. पानावर आलेल्यांची अशी यादी जास्तीत जास्त १८० दिवसांची ठेवता येते, आणि इन्स्टाग्रामवर प्रतिसाद दिलेल्यांची त्याहून जास्त दिवसांची.

शिक्षिकेने आपल्या अंदाजाने ३६,००० रुपये नव्या ओळखींसाठी आणि २४,००० पाठपुराव्यासाठी ठेवले होते. महिनाअखेर ॲड्स मॅनेजरने दोन ओळी दाखवल्या. नव्या ओळखीच्या जाहिरातींनी १५ प्रवेश आणले, एक प्रवेश २,४०० रुपयांना. पाठपुराव्याच्या जाहिरातींनी ३० प्रवेश आणले, एक प्रवेश ८०० रुपयांना. कुणीही म्हणेल, पहिल्या ओळीत तोटा आहे, दुसरीत फायदा. पैसे दुसरीकडे वळवा. छोटे कोर्सवाले इथेच फसतात, आणि फसल्याचं दीड-दोन महिने कळतही नाही. म्हणून या दोन ओळी कशा तयार होतात ते आधी नीट पाहायला हवं.

साताऱ्याच्या एका बाईने सोमवारी रील पाहिली, पान उघडलं, फी वाचली आणि नवऱ्याशी बोलून ठरवू म्हणून फोन ठेवला. गुरुवारी तिला पाठपुराव्याची जाहिरात दिसली, तिने ती दाबली आणि पैसे भरले. मेटाच्या हिशेबात हा प्रवेश शेवटी दाबलेल्या जाहिरातीच्या नावावर जातो. जिच्यामुळे ही बाई मुळात आली त्या सोमवारच्या रीलच्या खात्यात काहीच पडत नाही. दुसरी बाई सांगलीची. तिला डेमो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक मिळालेली आहे आणि संध्याकाळी पैसे भरायचे हे तिचं ठरलेलं आहे. दुपारी इन्स्टाग्राम चाळताना पाठपुराव्याची जाहिरात तिच्या नजरेखालून गेली, तिने बोटही लावलं नाही. तरी हा प्रवेश त्या जाहिरातीच्या नावावर लागू शकतो, कारण मेटाचा नेहमीचा नियम जाहिरात दाबल्यापासून सात दिवस आणि नुसती दिसल्यापासून एक दिवस असा आहे. पाठपुरावा ज्यांच्यामागे चालतो ते लोक आधीच दाराशी आलेले असतात. त्यांतले बरेच आत येणारच होते. जाहिरात फक्त त्या वेळी तिथे हजर होती.

यावर काटेकोर अभ्यास झालेला आहे. गॅरेट जॉन्सन, रँडल लुईस आणि एल्मार नुबेमेयर या तिघांनी २०१७ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च’मध्ये एक पद्धत मांडली. एका ऑनलाइन विक्रेत्याच्या रिटार्गेटिंगमध्ये काही लोकांना जाहिरात दाखवली आणि काहींना मुद्दाम दाखवली नाही. न दाखवलेल्यांपैकी नेमकी कुणाला ती दिसली असती याचीही नोंद ठेवली, म्हणजे सारख्याची सारख्याशी तुलना झाली. जाहिरातीमुळे खरेदी १०.५ टक्क्यांनी वाढली. वाढ खरी होती, पाठपुरावा फुकट गेला नाही. पण याचा अर्थ असाही आहे की जाहिरात दिसलेल्यांकडून ११० खरेद्या झाल्या, तर त्यांतल्या जवळजवळ १०० जाहिरात नसतानाही झाल्या असत्या. हा आकडा एका विक्रेत्याचा आहे, तो कोल्हापूरच्या कोर्सला जसाच्या तसा लावता येणार नाही. लावायची ती शंका : माझ्या रिपोर्टमधल्या ३० प्रवेशांपैकी जाहिरातीने खरोखर आणलेले किती?

मग वाटणी कशी करायची? ‘सत्तर-तीस’, ‘ऐंशी-वीस’ अशी सूत्रं पुष्कळ फिरतात. माझं मत असं की टक्क्यांपासून सुरुवातच करू नये. पाठपुराव्याचं बजेट लोक मोजून काढता येतं, आणि ते काढलं की उरलेलं सगळं नव्या ओळखींचं.

या शिक्षिकेच्या पानावर महिन्याला ४,५०० लोक येतात. जाहिरातींतून ३,००० आणि स्वतःच्या रील्स, यूट्यूब, ओळखीपाळखी यांतून १,५००. हे सगळे मेटाला पुन्हा सापडत नाहीत. कुणी दुसऱ्या ब्राउझरवर होतं, कुणी आयफोनवर माग काढायला परवानगी दिलेली नाही. ही परवानगी विचारणं ॲपलने एप्रिल २०२१ पासून, आयओएस १४.५ बरोबर, सक्तीचं केलं. आपल्याकडे बहुतेक फोन अँड्रॉइडचे असल्याने त्याचा फटका अमेरिकेइतका बसत नाही, तरी गळती राहतेच. दोन तृतीयांश सापडतात असं धरलं तर ३,००० लोक हाताशी उरतात. एका माणसाला आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्यात आठ वेळा जाहिरात दिसणं पुरेसं आहे. त्यापलीकडे आठवण करून देणं संपतं आणि पिच्छा पुरवणं सुरू होतं. तीन हजार लोकांना आठ वेळा म्हणजे जाहिरात २४,००० वेळा दिसायला हवी. हजार वेळा दाखवण्याचा भाव, ज्याला सीपीएम म्हणतात, अशा निवडक लोकांसाठी चढाच असतो. तो २०० रुपये धरला तर खर्च ४,८०० रुपये.

पानापर्यंत न आलेले पण ओळख झालेले लोक यात मिळवायचे : निम्म्याहून जास्त रील पाहिलेले, पोस्ट सेव्ह केलेले, मेसेज पाठवलेले. असे ८,००० असतील, त्यांना महिन्यात चार वेळा दाखवायचं असेल आणि भाव १५० रुपये असेल, तर आणखी ४,८०० रुपये. दोन्ही मिळून साधारण १०,००० रुपयांत पाठपुराव्याचं काम होतं. शिक्षिका २४,००० घालते आहे. ते सगळे पानावर आलेल्या ३,००० लोकांवरच खर्च होत असतील, तर एकेका बाईला ती जाहिरात महिन्यात ४० वेळा दिसते. ॲड्स मॅनेजरमध्ये फ्रिक्वेन्सी नावाचा रकाना आहे, त्यात हेच दिसतं. दिवसांची मुदत महिन्याची ठेवून तो आकडा वाचायचा. आठवड्याची ठेवली तर तो लहान आणि निरुपद्रवी वाटतो. जाहिरातीखाली ‘रोज तेच तेच’ अशा कमेंट येऊ लागल्या की रकाना न उघडताही समजतं.

आता पैसे ८०० रुपयांच्या स्वस्त ओळीकडे वळवले तर काय होईल? नव्या ओळखींना २०,००० आणि पाठपुराव्याला ४०,००० अशी वाटणी करू. पहिले दोन-तीन आठवडे रिपोर्ट झकास येतो, कारण यादीत मागच्या महिन्यातले लोक अजून आहेत. मग ती यादी आटू लागते. एका व्यक्तीला पानावर आणायला १२ रुपये पडत होते, तेव्हा २०,००० रुपयांत साधारण १,६५० जणी येतात. स्वतःहून येणाऱ्या १,५०० मिळवून ३,१५०, आणि त्यांतल्या पुन्हा सापडणाऱ्या २,१००. त्यांच्यावर ४०,००० खर्च करायचे म्हणजे एकेकीला महिन्यात ९५ वेळा, दिवसाला तीनदा जाहिरात. विहिरीत पाझर असेल तेवढाच उपसा करता येतो. मोठी मोटर बसवून पाणी वाढत नाही. आधी ४,५०० जणींतून ४५ प्रवेश होत होते, म्हणजे शंभरातली एक. तेच प्रमाण राहिलं तर ३,१५० जणींतून ३२ होतील. गंमत नव्हे तर धोका असा की रिपोर्टमधली पाठपुराव्याची ओळ या काळातही नव्या ओळखीच्या ओळीपेक्षा चांगलीच दिसत राहते, आणि माणूस आणखी पैसे तिकडे ओततो.

म्हणून रोज बघायचा आकडा रिपोर्टच्या बाहेरचा असावा. बँकेत किंवा पेमेंट गेटवेत या महिन्यात किती नवे प्रवेश जमा झाले, आणि जाहिरातीवर एकूण किती गेले? साठ हजार भागिले पंचेचाळीस म्हणजे १,३३३ रुपये. श्रेय कुणाचं हा वाद या भागाकाराला लागत नाही.

वाटणी हिशेबाने बदलली तर? पाठपुराव्याला ११,००० आणि नव्या ओळखींना ४९,००० देऊ. एक हजार जास्त ठेवले, कारण नवे लोक वाढले की मागाहून यादीही वाढते. नव्या ओळखींवरचा खर्च वाढला की भावही थोडा चढतो, म्हणून एका भेटीचे १३ रुपये धरू. साधारण ३,७७० जणी जाहिरातीतून आणि १,५०० स्वतःहून, मिळून ५,२७०. शंभरात एक या प्रमाणाने ५३ प्रवेश. पाठपुरावा कमी केल्याने दोन-तीन हुकतील, म्हणजे ५०. पाच प्रवेश जास्त, महिन्याला १०,००० रुपये जास्त. चमत्कार काही नाही. पण त्याच खर्चात हे पैसे मिळाले आहेत. याचा निकाल पाहायला पाच-सहा आठवडे द्यायला हवेत, कारण यादी भरायला आणि आलेल्यांना ठरवायला तेवढा वेळ लागतो.

इथे एक अडचण आहे, ती सांभाळली नाही तर वरचं सगळं गणित कागदावर राहतं. मेटाची यंत्रणा आपणहून सोपं गिऱ्हाईक शोधते. ‘नव्या ओळखी’ असं नाव दिलेल्या मोहिमेला प्रेक्षक निवडायची मोकळीक दिली की ती जाहिरात येऊन गेलेल्यांनाही दाखवते, कारण ते लवकर पैसे भरतात. नाव नव्या ओळखीचं आणि काम पाठपुराव्याचं. यावर उपाय म्हणजे या मोहिमेतून १८० दिवसांत पानावर आलेले, इन्स्टाग्रामवर प्रतिसाद दिलेले आणि प्रवेश घेतलेले, अशा तिन्ही याद्या वगळायच्या. प्रवेश घेतलेल्यांना दोन्ही मोहिमांतून वगळायचं. पैसे भरलेल्या बाईला ‘आजच प्रवेश घ्या’ दिसत राहिलं तर पैसा जातो आणि तिचा विश्वासही जातो.

आणि मोहिमांचे फार तुकडे करू नयेत. मेटाचा स्वतःचा सल्ला असा आहे की एका ॲड सेटला आठवड्याला साधारण ५० अपेक्षित कृती मिळाल्या की यंत्रणेचं शिकणं स्थिर होतं. महिन्याला ४५ प्रवेश होणाऱ्या कोर्सला प्रवेशावर हे गाठता येणार नाही. म्हणून नव्या ओळखींच्या मोहिमेला डेमो वर्गाची नोंदणी हे लक्ष्य द्यावं, ती संख्या मोठी असते. भाषेची गाळणीही लावू नये. पुष्कळ मराठी माणसांचा फोन इंग्रजीतच असतो. रील मराठीत असली की पुणे-नाशिकइतकीच बेळगाव, पणजी, इंदूर, बडोद्याची बाई थांबते आणि न समजणारी पुढे जाते. ही गाळणी पुरेशी आहे.

आता तो मघाचा प्रश्न, तीसपैकी खरे किती? मोठ्या जाहिरातदारांसाठी मेटाकडे लोकांचे दोन गट पाडून तुलना करण्याची सोय आहे, पण तिला बरीच मोठी संख्या लागते. लहान कोर्सवाल्याला घरच्या घरी एक चाचणी करता येते. डेमो वर्गाला नाव नोंदवणाऱ्यांचे फोन नंबर तिच्याकडे आहेत, आणि नोंदवताना ते जाहिरातीसाठी वापरण्याची संमतीही घेतलेली आहे असं धरू. शेवटचा अंक सम असलेल्यांची एक यादी, विषम असलेल्यांची दुसरी. शेवटच्या अंकाचा आणि आरी वर्कच्या आवडीचा काही संबंध नसल्याने दोन्ही गट सारखे असतात. विषम यादी पाठपुराव्याच्या प्रत्येक मोहिमेतून वगळायची, व्हॉट्सॲपचे निरोप मात्र दोन्ही गटांना सारखेच पाठवायचे.

समजा दोन्हीकडे ६०० नावं होती. सम गटातून ३६ प्रवेश झाले, विषम गटातून ३०. सम गटावर ४,८०० रुपये खर्च झाले. ॲड्स मॅनेजर ३६ पैकी बहुतेक आपल्या नावावर दाखवेल आणि एक प्रवेश दीडशे रुपयांच्या आसपास पडला असं सांगेल. पण जाहिरात न दिसता ३० आलेच होते. फरक सहाचा, म्हणजे एका जास्तीच्या प्रवेशाचे ८०० रुपये. हा भावही चांगलाच आहे. दोन हजारांच्या आत आहे. त्यामुळे हा पाठपुरावा चालू ठेवावा, पण दुप्पट करायचं कारण दिसत नाही. एक सावधगिरी : इतक्या लहान संख्येत सहाचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. एका बॅचवरून निकाल लावू नये. चार-पाच बॅचेसची बेरीज करावी आणि तीही अंदाजच मानावी. शिवाय काही नंबर मेटाला जुळत नाहीत, तेव्हा वगळणं पूर्ण होत नाही. पक्कं कळतं ते इतकंच की छत्तीसच्या छत्तीस जाहिरातीचे नव्हेत, आणि बजेट ठरवायला ही गोष्ट फार मोलाची आहे.

पाठपुराव्यात काय दाखवायचं यावरही खर्चाचं चीज अवलंबून असतं. अँजा लांब्रेक्ट आणि कॅथरीन टकर यांनी २०१३ मध्ये एका प्रवासविषयक संकेतस्थळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाहून गेलेली नेमकी तीच वस्तू पुन्हा दाखवणारी जाहिरात सरासरीने साध्या जाहिरातीपेक्षा कमी परिणामकारक ठरली. ज्यांचं मन आधीच बरंचसं पक्कं झालं होतं त्यांच्यापुरता मात्र तिचा उपयोग झाला. आपल्या शिक्षिकेसाठी याचा अर्थ असा की पान उघडून गेलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी फीचा आकडा पुन्हा दाखवून फार काही होत नाही. ती ज्यामुळे थांबली त्याचं उत्तर द्यावं : सुई कधीच न धरलेल्या बाईचं सहाव्या आठवड्याचं काम, सामान कुठे मिळतं, धडे किती दिवस पाहता येतात, जमलं नाही तर पैसे परत कसे मिळतात. फी आणि तारीख दाखवायची ती डेमो वर्ग शेवटपर्यंत पाहिलेल्यांना.

तारखेमुळे महिन्याच्या आतली वाटणी बदलते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि आरी कामाची मागणी वाढते, म्हणून त्याआधी बॅच उरकायची असते. नोंदणी रविवारी रात्री बंद होत असेल तर पाठपुराव्याचे ११,००० महिनाभर सारखे पसरू नयेत. आधी थोडे थोडे, आणि निम्मे शेवटच्या चार दिवसांत. त्या चार दिवसांत दिवसाला दोनदा जाहिरात दिसली तरी चालते, कारण सांगण्यासारखी बातमी खरी आहे. ती खरीच हवी. दर सोमवारी पुन्हा सुरू होणारं उलट मोजणीचं घड्याळ लावणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न्स’विषयक मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची फसवणूक मानलेला प्रकार आहे. शिक्षिकेने तरी तो करू नये असं मला मनापासून वाटतं. शिकायला येणारी बाई पैशाआधी विश्वास ठेवते.

नव्या ओळखींचा खर्च वाढवत राहावा, असाही याचा अर्थ नाही. शिक्षिकेने पुढे बजेट सत्तर हजार केलं आणि प्रवेश ५० वरून ५४ झाले, तर सरासरी १,२९६ रुपये दिसते, ठीक वाटते. पण वाढवलेल्या दहा हजारांनी फक्त चार प्रवेश आणले, एकेक २,५०० रुपयांना. उरत होते २,०००. प्रत्येक वाढीचा असा वेगळा भागाकार करावा. तो दोन हजारांच्या वर गेला तर ते दहा हजार पाठपुराव्याकडेही वळवायचे नाहीत, कारण तिथली गरज मोजून पूर्ण झालेली आहे. ते खर्चच करायचे नाहीत. एव्हाना त्याच त्या रील्स त्याच त्या बायकांना दिसून झालेल्या असतात. शिवणक्लास चालवणाऱ्या, पार्लर चालवणाऱ्या, मुलं शाळेत गेल्यावर दुपारी मोकळ्या असणाऱ्या बायकांपैकी कुणासाठी आपण अजून एकही रील केलेली नाही, हे बघून नवी रील आधी दिवसाला दोन-तीनशे रुपयांवर लावून पाहायची. तिच्यातून एका भेटीचे तेरा रुपये किंवा कमी पडू लागले, की मग बजेट वाढवायचं.